वयस्कर मधुमेही: साखरेचं लक्ष्य किती सैल करायचं आणि 'लो' कसा टाळायचा

पंचाहत्तरी ओलांडलेल्या मधुमेही माणसाचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.२ आला की घरात सगळ्यांना बरं वाटतं. पण त्या रिपोर्टशेजारी औषधांची चिठ्ठी ठेवून बघा. चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन असेल, तर ६.२ हा आकडा काळजीचा आहे. ही औषधं जेवण झालंय की नाही हे न बघता साखर खाली ओढत राहतात. सरासरी इतकी खाली आली असेल, तर दिवसातल्या काही वेळा साखर ७० च्याही खाली जात असण्याची, म्हणजे 'लो' येत असण्याची, शक्यता बरीच असते. या लेखातले साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, आणि एचबीएवनसीचे टक्क्यांत आहेत.

हा लेख टाइप २ मधुमेह असलेल्या वयस्कर माणसांच्या घरच्यांसाठी आहे. औषधं गरजेपेक्षा जास्त होताहेत का हे कसं ओळखायचं, डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं आणि डोस कमी होताना घरी कशावर लक्ष ठेवायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. डोस बदलण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांनीच घ्यायचा. टाइप १ मधुमेह असेल तर 'साखर कमी येतेय' म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं जिवावर बेतू शकतं, हे आधीच लक्षात ठेवा.

लक्ष्य सैल करण्यामागचा हिशोब

साखर काटेकोर ठेवल्याचा फायदा उशिरा पदरात पडतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात नव्याने मधुमेह निघालेले, सरासरी ५३-५४ वर्षांचे लोक होते. काटेकोर उपचारांच्या गटात डोळे, मूत्रपिंडं यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले, पण त्यासाठी दहा वर्षं जावी लागली. पन्नाशीच्या माणसासाठी हा सौदा फायद्याचाच आहे. ऐंशीच्या घरातल्या, हृदय आणि मूत्रपिंडं दोन्ही थकलेल्या माणसाला तो फायदा मिळेपर्यंतचा काळ हाताशी असेलच असं नाही.

दुसरा धडा अमेरिका आणि कॅनडात झालेल्या अ‍ॅकॉर्ड अभ्यासाने २००८ मध्ये दिला. त्यात दहा हजारांहून जास्त लोक होते, सरासरी वय ६२. त्यांना मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती आणि हृदयविकाराचा धोकाही जास्त होता. एका गटाचा एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला, दुसऱ्याचा ७ ते ७.९ मध्ये ठेवला गेला. काटेकोर गटात मृत्यू जास्त झाल्याने तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. या गटात साखर इतकी उतरण्याचे प्रसंगही जास्त होते की दुसऱ्या कुणी मदत करावी लागली. मृत्यू नेमके त्यामुळेच वाढले असं सिद्ध झालं नाही. पण 'जितकी कमी साखर तितकं चांगलं' हा समज मात्र त्या वर्षी मोडला.

उलट बाजूला 'लो'चं नुकसान आहे आणि ते त्याच दिवशी होतं. साखर ५० वर आलेला तरुण घामाघूम होतो, काहीतरी खातो आणि तासाभरात सावरतो. ऐंशीच्या माणसाचा त्याच ५० ला तोल जातो, खुबा मोडतो आणि पुढचे महिने अंथरुणात जातात. साखर उतरल्यावर शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, रक्तातलं पोटॅशियम घटतं, हृदयाच्या विद्युत लयीत बदल होतो. आधीच ब्लॉकेज असलेल्या हृदयाला एवढं कारण पुरतं. मेंदूवरही परिणाम होतो. गंभीर 'लो' येऊन गेलेल्या वयस्करांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळतो. विसराळूपणामुळे गोळी दोनदा घेतली जाते किंवा जेवण राहून जातं आणि पुन्हा 'लो' येतो, म्हणजे हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं.

वयस्कर माणसाचा 'लो' वेगळा का दिसतो

साखर ७० च्या खाली गेली तर 'लो', ५४ च्या खाली गेली तर गंभीरपणे घ्यायचा 'लो'. माणूस स्वतःहून सावरू शकला नाही, दुसऱ्याला मदत करावी लागली, तर आकडा काहीही असो, तो तीव्र प्रसंग समजायचा.

तरुणपणी साखर उतरू लागली की आधी शरीर इशारा देतं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, घाम फुटतो, भूक लागते. विचार अडखळायला सुरुवात होते ती त्याहून खालच्या पातळीला. मधल्या वेळात माणूस उठून साखर खाऊ शकतो. वय वाढलं की इशारा उशिरा येतो आणि मेंदू मात्र लवकर गोंधळतो, त्यामुळे मधली मोकळी जागा जवळजवळ उरतच नाही. इशारा कळेल तेव्हा काय करायचं हेच सुचत नसतं. त्यातच रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉलसारखं बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर आणखी दबते. घाम मात्र येतोच. म्हणून अशा माणसाच्या अंगाला अवेळी आलेला गार घाम हे सर्वांत भरवशाचं लक्षण मानावं.

घरच्यांना प्रत्यक्षात दिसतं ते असं. नेहमी नीट बोलणारा माणूस दुपारी चारच्या सुमारास गप्प होतो, एकच प्रश्न तीनदा विचारतो, उगाच चिडतो. चालताना एका बाजूला झुकतो. टीव्ही चालू असतो पण नजर त्यावर नसते. सकाळी उठवताना वेळ लागतो, उशी ओली असते, डोकं दुखतं. क्वचित एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो आणि सगळे पक्षाघात समजून धावपळ करतात. हे सगळं 'आता वय झालं' या एका वाक्यात झाकलं जातं, आणि खरा धोका तिथेच आहे. गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या वयस्कर माणसाचं वागणं अचानक बदललं तर पहिलं काम बोटाला टोचून साखर बघणं. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर 'लो' आहे असं धरून साखर द्यावी. थोडी साखर जास्त झाल्याने त्या तासाभरात काही बिघडत नाही.

पहिली पायरी: चिठ्ठीतून धोक्याची औषधं वेगळी काढा

सगळी औषधं टेबलावर मांडा, डबीत उरलेली जुनी पाकिटंसुद्धा. गोळीच्या ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचा. बऱ्याच गोळ्यांमध्ये दोन-तीन औषधं एकत्र असतात. 'मेटफॉर्मिनची गोळी' म्हणून रोज घेतल्या जाणाऱ्या गोळीत ग्लिमेपिराइडही असू शकतं, आणि घरात कुणालाच ते माहीत नसतं.

साखर उतरवून 'लो' आणणारे मुख्य गट दोन. पहिला इन्सुलिन. दुसरा सल्फोनिलयुरिया, म्हणजे वर सांगितलेली 'ग्लि' ने सुरू होणारी नावं. रिपॅग्लिनाइडही या दुसऱ्या गटासारखंच स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पण त्याचा असर कमी वेळ टिकतो. मात्र लिनाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिनसारखे ग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिनसारखे ग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन ही औषधं एकटी किंवा आपसात मिळून घेतली तर सहसा 'लो' आणत नाहीत. नावातल्या 'ग्लि'वरून यांना वरच्या गटात टाकू नका.

सल्फोनिलयुरियामध्येही फरक आहे. ग्लिबेनक्लामाइड वयस्करांसाठी सर्वांत वाईट. त्याचे शरीरात तयार होणारे अंशही साखर उतरवतात आणि ते बाहेर पडतात मूत्रपिंडातून. मूत्रपिंडं मंदावलेली असली की ते साचत जातात, आणि 'लो' एकदा बरा करूनही पुन्हा येतो. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर टिकतो, त्याचेही असे अंश असतात. वयस्करांसाठी टाळावीत अशा औषधांची अमेरिकेतली बीअर्स यादी २०२३ मध्ये सुधारली गेली. मधुमेहावरचं पहिलं किंवा दुसरं औषध म्हणून हा सगळाच गट टाळावा, आणि द्यावाच लागला तर कमी काळ टिकणारं ग्लिपिझाइड बरं, असं त्यात म्हटलं आहे.

आता चिठ्ठीवरची बाकीची औषधं बघा. सल्फोनिलयुरिया चालू असताना लघवीच्या संसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल, छातीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन सुरू झालं तर साखर अनपेक्षितपणे खाली जाऊ शकते. पाच-सात दिवसांचा कोर्स असला तरी त्या काळात रोज दोन-तीनदा साखर तपासा आणि अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या डॉक्टरांना मधुमेहाच्या गोळीचं नाव आवर्जून सांगा. बऱ्याचदा ते डॉक्टर वेगळे असतात.

दुसरी पायरी: माणूस कोणत्या गटात बसतो

फक्त वयाने लक्ष्य ठरत नाही. रोज चालणारी, स्वतःचे व्यवहार बघणारी ८० वर्षांची व्यक्ती ६८ व्या वर्षी अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीपेक्षा काटेकोर उपचार सहज पेलू शकते. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या मार्गदर्शनात वयस्करांचे तीन गट केले आहेत आणि प्रत्यक्षात ते उपयोगी पडतात.

पहिल्या गटात प्रकृती ठणठणीत, स्मरणशक्ती शाबूत, स्वतःचं सगळं स्वतः करणारे लोक. त्यांचं एचबीएवनसीचं लक्ष्य साधारण ७ ते ७.५ च्या खाली, उपाशीपोटी साखर ८० ते १३०. दुसऱ्या गटात तीन किंवा अधिक जुने आजार असलेले, किंवा थोडा विसर पडू लागलेले, किंवा औषधं घेणं, पैशांचे व्यवहार, फोन वापरणं अशा दोन-तीन कामांत मदत लागणारे. यांचं लक्ष्य ८ च्या खाली, उपाशीपोटी ९० ते १५०, झोपताना १०० ते १८०. तिसऱ्या गटात मध्यम किंवा तीव्र स्मृतिभ्रंश, शेवटच्या टप्प्यातला हृदय, फुप्फुस किंवा मूत्रपिंडाचा आजार, किंवा अंघोळ-कपडे-जेवण यांसाठीही दुसऱ्यावर अवलंबून असलेले. इथे एचबीएवनसीच्या मागे लागायचंच नाही. उपाशीपोटी १०० ते १८० आणि झोपताना ११० ते २०० या पट्ट्यात राहून 'लो' आणि फार वाढलेल्या साखरेचा त्रास, दोन्ही टाळायचे.

या आकड्यांतली खालची बाजू लोक वाचतच नाहीत. दुसऱ्या गटातल्या माणसाची उपाशीपोटी साखर ७८ आली तर ती लक्ष्याच्या खाली आहे. तिथे औषध कमी करण्याचा विचार व्हायला हवा, 'कंट्रोल छान आहे' म्हणून चालू ठेवण्याचा नाही.

तिसरी पायरी: एका आठवड्याची वही

एचबीएवनसी ही सरासरी आहे. दुपारी ५५ आणि रात्री २४० जाणाऱ्या माणसाचीही सरासरी सुरेख येऊ शकते, 'लो' त्यात दिसतच नाहीत. शिवाय हा आकडा लाल पेशींवर अवलंबून असतो. नुकतं रक्त चढवलं असेल किंवा मूत्रपिंडाच्या आजारात रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन चालू असेल तर तो खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेमुळे तो खोटा जास्तही येतो, आणि मग त्या आकड्यावर विसंबून औषध वाढवलं जातं. म्हणून ग्लुकोमीटरची वही हवीच.

सात दिवस चार वेळा बघा: सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना. त्यात दोन रात्री पहाटे तीनलाही. चारही वेळा बोट टोचणं जमत नसेल तर वेळा आलटून पालटून घ्या, म्हणजे रोज दोन तपासण्यांत काम भागेल. आकड्याशेजारी जेवण कितपत झालं, गोळी किती वाजता घेतली आणि माणूस कसा होता, एवढं एकेका ओळीत लिहा. तपासण्याआधी हात धुवा. बोटाला काही गोड लागलेलं असेल तर आकडा खोटा वाढतो आणि खरा 'लो' लपतो.

वहीत शोधायचं काय? ७० खालचा एकही आकडा, किंवा आठवड्यात दोनदा उपाशीपोटी ८० खाली. असं दिसलं तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. ५४ खालचा आकडा असेल तर त्याच दिवशी. दंडावर लावायचा, सतत साखर मोजणारा सेन्सर मिळत असेल तर दोन आठवड्यांतच रात्रीचं चित्र स्पष्ट होतं. त्यात वयस्करांसाठी ७० खालचा वेळ १ टक्क्याहून कमी हवा, म्हणजे दिवसात पंधरा मिनिटांपेक्षाही कमी. ७० ते १८० मध्ये निम्म्याहून जास्त वेळ असला की पुरे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

समजा, ७९ वर्षांच्या एक आजी आहेत. मधुमेह वीस वर्षांचा. सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, रात्री १ मिलिग्रॅम. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल. एचबीएवनसी ६.३, मूत्रपिंडं किती काम करतात हे दाखवणारा ईजीएफआर ३८, म्हणजे बराच कमी. वर्षभरात वजन चार किलोने उतरलंय, दुपारचं जेवण निम्मं सुटतं. मुलगा-सून संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्या बऱ्याचदा गोंधळलेल्या असतात, आणि गेल्या महिन्यात पहाटे बाथरूमला जाताना पडल्या.

आठवड्याच्या वहीत उपाशीपोटी ८२, ७८, ९१ असे आकडे. रात्रीच्या जेवणाआधी ६४, ७१, ५८. पहाटे तीनला ६६. आता सगळं जुळतं. मूत्रपिंडं मंद असल्याने गोळीचा असर लांबतोय, दुपारी पोटात पुरेसं काही नाही, आणि मेटोप्रोलॉलमुळे धडधड जाणवत नाही. संध्याकाळचा गोंधळ आणि पहाटेचं पडणं, दोन्हीचं मूळ बहुधा एकच. आजी दुसऱ्या गटात बसतात, त्यांचं लक्ष्य ८ च्या खाली. ६.३ म्हणजे सरासरी साखर सुमारे १३४. ८ म्हणजे सुमारे १८३. मधे जवळपास पन्नासची मोकळीक आहे, आणि ती वापरायची.

५८ हा आकडा आला की पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांशी बोलणं व्हायला हवं. रात्रीची ग्लिमेपिराइड लगेच बंद आणि सकाळची निम्मी करणं, हा पहिल्या टप्प्याचा साधा मार्ग. एक-दोन आठवड्यांची वही बघून सकाळचीही बंद. आजींचे आकडे आणि ईजीएफआर बघता अनेक डॉक्टर पहिल्याच दिवशी ती पूर्ण थांबवतील आणि तेही बरोबरच आहे. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० ते ४५ मध्ये दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आजींचा डोस नेमका तेवढा आहे. ईजीएफआर ३० खाली गेला तर ते बंद करावं लागतं. त्याने भूक मंदावते, वजनही उतरतं, म्हणून आजींच्या न जेवण्यामागे तेही आहे का हे विचारायचं. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ ही तपासावं, कारण त्याच्या कमतरतेनेही तोल आणि स्मरणशक्ती बिघडते.

ग्लिमेपिराइड थांबल्यावर साखर वर सरकणारच. उपाशीपोटी १३० ते १५०, झोपताना १५० ते १७५ असे आकडे आले की घरचे घाबरतात आणि जुनी गोळी स्वतःच पुन्हा सुरू करतात. इथेच बहुतेक वेळा घोळ होतो. हे आकडे आजींच्या पट्ट्यात आहेत. उपाशीपोटी सतत १५० च्या वर जाऊ लागली तर लिनाग्लिप्टिन ५ मिलिग्रॅमसारखं औषध जोडता येतं. त्याने सहसा 'लो' येत नाही आणि मूत्रपिंडांसाठी त्याचा डोस बदलावा लागत नाही. जुन्या गोळीची उरलेली पाकिटं मात्र घरातून काढून टाका. विसराळू माणसाच्या हाताशी ती राहिली तर सवयीने पोटात जातात.

इन्सुलिन चालू असेल तर

रात्री दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला पहाटे 'लो' येत असेल तर ते सकाळी घेण्याचा पर्याय डॉक्टरांपुढे मांडा. असर तोच राहतो, पण सर्वांत जास्त उतार असलेला वेळ माणूस जागा असताना येतो आणि घरात कुणीतरी बघायला असतं. डोस सकाळच्या उपाशीपोटी आकड्यांवरून ठरतो. लक्ष्य ९० ते १५० धरलं तर, आठवडाभरातले निम्मे आकडे त्याहून वर असतील तेव्हा २ युनिट वाढवतात, आणि आठवड्यात दोनपेक्षा जास्त आकडे ८० खाली आले तर २ युनिट कमी करतात. एखादा तीव्र 'लो' येऊन गेला असेल तर एवढ्या छोट्या पायऱ्यांवर थांबत नाहीत, कपात मोठी असते.

जेवणाआधीचं जलद इन्सुलिन प्रत्येक वेळी १० युनिट किंवा त्याहून कमी असेल तर ते काढून त्याजागी 'लो' न आणणारी गोळी देता येते का, हा प्रश्न जरूर विचारा. चारऐवजी एक इंजेक्शन म्हणजे चुकायच्या जागाही तितक्याच कमी. ते चालूच ठेवावं लागलं आणि माणूस किती जेवेल याचा भरवसा नसेल, तर जेवण सुरू झाल्यावर किंवा संपल्यावर लगेच द्यायचं, हेही डॉक्टरांशी ठरवून घ्या. इंजेक्शन आधी देऊन ताट तसंच परत येणं ही नेहमी घडणारी चूक आहे. एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर तिथे इन्सुलिन अनियमित शोषलं जातं. नवीन जागी तोच डोस अचानक जास्त लागू पडतो, म्हणून जागा बदलल्यावर पहिले काही दिवस जास्त लक्ष ठेवा.

'लो' आल्यावर

माणूस शुद्धीत असेल आणि नीट गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या. ग्लुकोज पावडर असेल तर तीन सपाट चहाचे चमचे पाण्यात, नाहीतर तेवढीच साखर, नाहीतर १५० मिलिलिटर गोड फळांचा रस. अकार्बोज किंवा वोग्लिबोज चालू असेल तर साखर उशिरा लागू पडते, तिथे ग्लुकोजच हवं, म्हणून पावडर घरात ठेवा. चॉकलेट, मिठाई नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० खालीच असेल तर तेवढंच पुन्हा द्या. ७० वर आली की थोडं जेवण किंवा दूध-पोळीसारखं काही पोटात जाऊ द्या.

शुद्ध हरपली असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. कुशीवर झोपवा, रुग्णवाहिका बोलवा. घरात ग्लुकॅगॉन हे साखर चढवणारं औषध असेल तर ते द्या, स्नायूत १ मिलिग्रॅम किंवा नाकात मारायचं ३ मिलिग्रॅम.

सल्फोनिलयुरियामुळे आलेला तीव्र 'लो' मात्र घरी निभावून नेण्याचा नाही. साखर ११० वर आली, माणूस बोलायला लागला, म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि चार-पाच तासांनी साखर पुन्हा ४५ ला येते, कारण गोळीचा असर संपलेला नसतो. मूत्रपिंडं कमकुवत असली तर हा खेळ दोन-तीन दिवस चालू शकतो. अशा माणसाला निदान २४ तास रुग्णालयात नजरेखाली ठेवावं लागतं. घरी सोडताना तीच चिठ्ठी तशीच हातात दिली जात असेल तर थांबा, आणि कोणतं औषध किती कमी केलं हे लिहून मागा.

सैल म्हणजे किती सैल

वरची बाजूही बघायलाच हवी. साखर १८० च्या आसपास गेली की ती लघवीत उतरू लागते. सतत २५० च्या वर राहिली की वारंवार लघवी, रात्री उठणं, तहान, अशक्तपणा, लघवीचे आणि त्वचेचे संसर्ग सुरू होतात. रात्री चारदा उठणारा वयस्कर माणूसही पडतोच. वय वाढल्यावर तहान कमी लागते, त्यामुळे पाणी कमी पडून साखर आणखी चढते. ताप, उलट्या, जुलाब यांच्या जोडीला हे आलं तर साखर ६०० च्याही वर जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून आजारपणात जेवण होत नसलं तरी घोट घोट पाणी द्या, दर चार तासांनी साखर बघा. दोनदा ३०० च्या वर आली, किंवा माणूस झोपाळलेला वाटला, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. त्या दिवसांत सल्फोनिलयुरिया, मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन यांतलं काय थांबवायचं, हे बरं असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

औषध कमी केल्यानंतर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, ईजीएफआर आणि वजन पुन्हा बघा. उदाहरणातल्या आजींचा आकडा तेव्हा ७.६ च्या आसपास यावा, वहीत ७० खालचा एकही आकडा नसावा. ८.५ च्या पुढे गेला तर औषध जोडायचं, पण सल्फोनिलयुरिया गटातलं नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी, किंवा जेवण घटलं, वजन उतरलं, रुग्णालयात भरती झाली, नवा विसराळूपणा दिसला की त्याआधीच, ही सगळी तपासणी चिठ्ठीपासून पुन्हा करा.